अडुसष्टची रेघ

पुलाच्या अलीकडे ताई थांबली. दम लागला म्हणून नव्हे. तिच्या पिशवीत दोन डब्या आणि एक काचेची बरणी एकमेकींवर आपटून वाजत होत्या आणि ते तिला खपेना. तिने रुमाल काढून मध्ये सारला, पिशवी पुन्हा खांद्याला लावली आणि चल म्हणाली.

आमची निम्मी वाट झाली होती. पुढे कालव्याच्या कडेने, मग रेल्वेच्या तारेच्या कुंपणाला धरून, आणि शेवटी कारखान्याचं फाटक. एकोणतीस वर्षं आम्ही ही वाट रोज तुडवली. कारखाना बंद होऊन नऊ वर्षं झाली, तरी आठवड्यातून दोन सकाळी आम्ही फाटकापर्यंत जातो, बाहेरच्या दगडी बाकावर टेकतो आणि परत येतो. बंद फाटकात काय ठेवलंय, असं माझा मुलगा विचारतो. फाटकात काही नाही. वाटेवर असतं.

तिला सगळे अडुसष्टताई म्हणायचे. आमच्याकडे जॅम आणि केचप व्हायचं आणि जॅमच्या कढया तिच्या ताब्यात होत्या. कढई उतरवायची वेळ झाली की ती काचपट्टीवर थेंबभर जॅम घेई, गार होऊ देई, आणि नळीत घालून उजेडाकडे डोळा लावी. नळी म्हणजे साखर मोजायचं यंत्र. लांबलचक इंग्रजी नाव होतं त्याला, आम्ही नळीच म्हणायचो. आत गोल दिसतो, वर अंधार, खाली उजेड, आणि दोघांच्या मधली रेघ ज्या आकड्यावर असेल तितकी शंभरात साखर. रेघ अडुसष्टवर आली की ताई हात वर करायची. त्याआधी मोठे साहेब येऊन उभे राहिले तरी हात खालीच. आणि हात वर करताना ओठातल्या ओठात म्हणायची, "खाणाऱ्याला लाभू दे रे देवा." कढयांच्या आवाजात ते कुणाला ऐकू जात नसे. मला ठाऊक होतं, कारण मी शेजारीच झाकणांच्या मशीनवर होते. त्यामुळे मी झाकण. आजही ती मला झाकणच म्हणते, चारचौघांत सुद्धा.

नवीन असताना मी तिला विचारलं होतं, एवढा अडुसष्टचा हट्ट कशाला, बासष्टला पण गोडच लागतो की. ती म्हणाली, साखर गोडीसाठी नसते, राखणीसाठी असते. ती पाणी बांधून ठेवते, आणि बांधलेलं पाणी बुरशीला पिता येत नाही. तेवढी साखर असली आणि चमचा कोरडा असला की उघडलेली बरणीसुद्धा कपाटात राहते. शाळेत विज्ञानाचे गुरुजी वर्षभर बोलले, पण डोक्यात राहिलं ते हे.

तेव्हा आम्हा कामगारांच्या घरी फ्रिज नव्हतेच. लेबल तिरकं बसलेल्या बाटल्या आम्हाला स्वस्तात मिळायच्या. प्रत्येकीच्या स्वयंपाकघरात कपाटाचा एक खण त्यांचा. एक लाल, एक पिवळी, एक जांभळी, सगळ्यांची लेबलं वाकडी. दार उघडलं की आधी व्हिनेगरचा वास यायचा, मग गोड. माझी मुलं त्या वासावर मोठी झाली. केचप बाटलीच्या गळ्याशी काळं पडायच्या आत संपायचं, कारण खाणारी तोंडं जास्त आणि बाटली एक. ताईच्या खणात तर बरण्या उंचीप्रमाणे उभ्या असायच्या, प्रार्थनेच्या रांगेत मुलं उभी असतात तशा. मुलाचं लग्न झालं, घरात मोठा फ्रिज आला, स्वयंपाक सुनेकडे गेला. खण तेवढा ताईकडे राहिला. आणि रोज सकाळी नवऱ्याला पावाला जॅम लावून देणं. चाळीस वर्षांचं ते काम, तिने कुणाला करू दिलं नव्हतं.

ते काम गेल्या आठवड्यात गेलं.

कालव्याच्या कडेने चालताना तिने सगळं सांगितलं. भाऊंना, म्हणजे तिच्या नवऱ्याला, साखरेचा आजार निघाला म्हणून सुनेने त्यांच्यासाठी वेगळा जॅम आणला होता. सोमवारी ताईने बरणी उघडली तर भाऊंना वर हिरवट लव दिसली, आणि झाकणाच्या आत पाण्याचे थेंब. भाऊ म्हणाले वरचं काढून टाक, खालचं मी खातो, बुरशीने साखर थोडीच वाढते. तिने काही ते ऐकलं नाही. बुरशी वर दिसते तेवढीच नसते, मऊ पदार्थात तिचे धागे खाली गेलेले असतात, हे तिला वेगळं कुणी सांगायला नको. तिने अख्खा जॅम फेकला. इथवर ठीक होतं. पण मग ती म्हणाली, "कुणीतरी ओला चमचा घातला असणार."

घरात माणसं चार. भाऊ आणि मुलगा कपाटाला हात लावत नाहीत. लेकी बोले सुने लागे म्हणतात, तर इथे लेकही नव्हती मध्ये. दुसऱ्या दिवशी सुनेने तसल्याच जॅमची नवी बरणी आणली, फ्रिजमध्ये ठेवली, आणि भाऊंच्या पावाला स्वतःच जॅम लावला. ताई उठली तर म्हणाली, "राहू द्या आई, मी देते."

"चांगल्या आवाजात म्हणाली," ताई मला म्हणाली. "ओरडली असती तर बरं झालं असतं."

मग मुलगाही बोलला. कपाटातल्या सगळ्या उघड्या बाटल्या रविवारी फेकून देऊ, म्हणाला. म्हणून ही पिशवी. नव्या बरणीतला चमचाभर जॅम एका डबीत, आपल्या नेहमीच्या जॅमचा चमचा दुसऱ्या डबीत, आणि फेकलेल्या जॅमची धुतलेली बरणी. जॅम चांगला होता, चमचा ओला होता, हे ती मला उजेडात सिद्ध करून दाखवणार होती. नळी तिच्याकडे होतीच. कारखाना बंद झाला त्या दिवशी प्रयोगशाळेच्या सरांनी ती तिच्या हातात दिली होती. तुमच्याशिवाय हिच्यात कोण बघणार, म्हणाले होते.

फाटकाशी पोचलो. आकाश मोकळं होतं. बाकावर तिने रुमाल अंथरला, पाण्याने काच पुसली, कोरडी केली, नेहमीच्या जॅमचा थेंब ठेवून झाकण दाबलं. बोटं तीच. मग नळी माझ्यापुढे धरली.

"तू बघ."

मी म्हटलं, मी झाकणवाली, बघायचं काम तुझं.

"तू बघ गं. उन्हाने माझ्या डोळ्यांना पाणी येतं."

ऊन आमच्या पाठीमागे होतं. मी नळी घेतली. वर अंधार, खाली उजेड, रेघ अडुसष्टच्या केसभर खाली. सांगितलं तशी ती खूश झाली. बघ, म्हणाली, अजून जग बुडालं नाही.

दुसऱ्या डबीतला थेंब ठेवला. मी डोळा लावला तर सगळा गोल काळा. रेघच नाही. मला वाटलं मीच चुकीचं धरलंय. तिने काच पुसून पुन्हा थेंब ठेवला, झाकण बोटाने दाबून बुडबुडा घालवला. पुन्हा काळा.

"काही दिसत नाही ताई. खालपासून वरपर्यंत अंधार आहे."

मला अजून उमगलं नव्हतं, तिला उमगलं होतं. तिच्या नळीतले आकडे पंचेचाळीसपासून सुरू होतात. जॅमचीच नळी ती, त्याखाली बघायची वेळच कधी येत नसे. रेघ नव्हती असं नाही. ती आकड्यांच्याही खाली होती.

"म्हणजे हा जॅमच नाही," ती म्हणाली. मग पिशवीतली धुतलेली बरणी काढून माझ्या हातात दिली. "काय लिहिलंय?"

अक्षरं मुंगीएवढी होती. मी चष्मा वर-खाली करून वाचलं. साखर कमी. उघडल्यानंतर फ्रिजमध्ये ठेवावे. एका महिन्याच्या आत संपवावे.

"उघडल्यावर कपाटात किती दिवस होती?" मी विचारलं.

"दीड महिना."

पाणी मोकळं होतं, बुरशी प्यायली. त्यात कुणाच्या चमच्याचा दोष नव्हता. चमचा कोरडा असता तरी आज ना उद्या हेच झालं असतं.

तिने नळीची काच पुसून झाकण मिटलं. मग तिने सांगितलं की वर्षभर तिला लेबलं वाचता येत नाहीत. नळीतली रेघही नाही. उजव्या डोळ्यात धुकं आहे, डाव्यात त्याहून जास्त. घरी सांगितलं नाही, कारण सांगितलं की खणही जाईल. बरण्या ती आकारावरून ओळखते, वासावरून, झाकणाच्या आवाजावरून.

मी म्हटलं, खण काही सगळा जायला नको. तिखट सॉस आणि सोया सॉस कपाटात बसतील, एकात व्हिनेगर आहे, दुसऱ्यात मीठ. नुसतं व्हिनेगर तर कुठेही. आपला अडुसष्टचा जॅमही महिनाभर काढतो. केचपचं बघावं लागेल, हल्ली त्यात टिकवायचं औषध घालत नाहीत म्हणे, तेव्हा महिन्यावर जायचं असेल तर फ्रिज. ते पांढरं मेयोनीज आणि पास्त्याचा सॉस मात्र उघडल्या दिवसापासून थंडीत. मी रविवारी येऊन एकेक वाचून दाखवते आणि झाकणावर मोठ्या अक्षरांत लिहून ठेवते.

"ते कर," ती म्हणाली. पण तिचं मन तिथे नव्हतं. बरणी हातात फिरवत म्हणाली, "तिने सांगितलं होतं मला. आणली त्याच दिवशी. म्हणाली, आई, ही फ्रिजमध्ये ठेवा. मी काय म्हटलं माहितीय? मला जॅम शिकवतेस?"

मी तिच्या हातातली बरणी घेतली आणि रुमालात गुंडाळून पिशवीत ठेवली.

परतीच्या वाटेवर मला एक जुनी दुपार आठवली. कामाला लागून मला दोन महिने झाले होते. झाकणाचं मशीन सैल झालं आणि माझ्या लक्षात आलं तोवर सत्तर खोकी गोदामात गेली होती. झाकणाचा मधला भाग आत ओढला गेला नव्हता, म्हणजे आत हवा होती. मी भीतीने अर्धा दिवस गप्प बसले. ताईने माझं तोंड बघून ओळखलं. मोठ्या साहेबांच्या खोलीपर्यंत मला घेऊन गेली. मी म्हटलं, तूच सांग ना ताई. ती म्हणाली, चूक तुझी, तोंड तुझं. मी फक्त शेजारी उभी राहते. आणि राहिली. साहेब पंधरा मिनिटं बोलले, ती हलली नाही. खोकी परत आली, माझं कामही टिकलं.

मी हे तिला सांगितलं नाही. पण वाट तीच होती, तिलाही आठवलं असावं. पुलावर ती पुन्हा थांबली. या वेळी पिशवी वाजत नव्हती.

"झाकण," ती म्हणाली, "आत्ता घरी चल माझ्याबरोबर. सून घरीच आहे. चमच्याचं मीच बोलेन, डोळ्यांचंही मीच सांगेन. तू मध्ये एक शब्द बोलू नकोस. फक्त शेजारी उभी राहा."