कार्डावर न घेतलेला माणूस

शेळीपालनाच्या कार्यशाळेचं लांबलचक वेळापत्रक आणि भाषणाची टिपणं आमच्या जनावरांच्या डॉक्टरांनी लिहिली, आणि कार्यशाळेआधीच ते वारले. वळसंगच्या बायकांसाठी त्याचं एका कार्डात मावेल असं वेळापत्रक करायचं काम माझ्याकडं आलं. बायकांना लागतं काय? कधी, कुठं, कशाबद्दल आणि जेवण केव्हा. बाकीचं वक्त्यापाशी राहू दे. शेवटी मी डॉक्टरांचं नावही काढून टाकलं. गेलेल्या माणसाचं वेळापत्रकात काय काम?

जेवणानंतर लसीकरणाचा विषय होता. नव्या वक्त्यानं टिपणं नजरेखालूनही घातली नव्हती. तो दिसेल ते वाचत सुटला. "पावसाळ्याआधी आंत्रविषाराची लस द्यायची. इथं थांबा. मागं बसलेल्या आजींना विचारा, काळी शेळी कशी हाय?"

तो गोंधळून टिपणाचं पान उलटून पाहू लागला.

शेवटच्या रांगेतली म्हातारी उठली. तिनं कार्ड उलटसुलट करून माझ्याकडं पाहिलं. "ह्यात त्यांचं नाव कुटं न्हाई की," म्हणाली. मग माईककडं तोंड करून हळू आवाजात बोलली, "बरी हाय, डॉक्टर. गाभण हाय."