दहा वाढवा

आमचे बाबा अंबडला सुतारकाम करतात. त्यांच्या टेपचं टोक सैल झालंय, म्हणून ते माप दहा सेंटिमीटरच्या रेघेपासून धरतात आणि खूण करताना दहा वाढवतात. घरी ती रेघ आई धरायची आणि दर वेळी ओरडायची, "अहो, दहा वाढवा!" बाबा चिडायचे, "मला शिकवतेस?"

काल रेघ मी भिंतीच्या कोपऱ्याशी धरली. खिळा साठवर हवा होता. बाबांनी टेपवरच्या साठलाच भोक पाडलं, फ्रेम टांगली. लेव्हलचा बुडबुडा बरोब्बर मधोमध होता, पण फ्रेम आजोबांच्या फोटोला खेटली. लांब स्टीलपट्टीवर पन्नासच भरले.

"तू का नाही ओरडलीस?" बाबा माझ्यावर खेकसले.

मग फ्रेममधल्या आईकडे बघत खालीच बसले.