सात किलो रुई

बायको वारून पाच महिने झाले होते. मुलींच्या वसतिगृहाच्या बाईंचा फोन आला, "मामा, वीस गाद्या पाहिजेत. पण आता कागदावरचं कोटेशन चालत न्हाई. सरकारी खरेदीच्या पोर्टलवर नाव नोंदवा, न्हाईतर मला दुसऱ्याचा माल घ्यावा लागंल."

त्या वसतिगृहात पंधरा वर्षं बायकोच्याच हातच्या गाद्या. भरायची ती. मी रुई आणायचो नि गाद्या गाडीवर लादायचो, बस. तिथून तिच्या गाद्या उठल्या तर तिचं म्हणून राहिलं काय?

अंबडला सेवा केंद्रात गेलो. तिथल्या ताईनं आधार, पॅन, पासबुक मागितलं. माझ्या मोबाईलवर आलेला आकडा तिला वाचून दाखवला.

"दुकानाचे मालक कोण, काका?"

"ती होती. आता मीच."

नोंदणी झाली. मला वाटलं, सुटलो. ताई म्हणाली, "आता गादीची माहिती भरायची. लांबी, रुंदी, जाडी, आत रुई किती?"

"बराबर भरलेली असते."

"काका, 'बराबर' लिहायला इथं जागा न्हाई. किलोत सांगा. आणि फोटो आणा."

किलो मला ठाऊक नव्हते. ती हातानं दाबून बघायची, मान हलवायची, टाके घालायची. मी कधी विचारलं न्हाई. मूर्ख माणूस.

तिनं भरलेली एकच गादी घरात होती. माझ्या अंगाखालची.

टेपनं मापं घेतली, फोटो काढला. मंग कोपऱ्याचे टाके उसवले. तिचा दोरा पक्का, ब्लेडनं कापावा लागला. रुई चादरीवर काढली. मध्ये दाट, कडेला पातळ निघाली. गठुडं बांधून किराणावाल्याच्या काट्यावर ठेवलं. "कापूस विकायला काढला का मामा?" तो हसत म्हणाला. सात किलो भरली.

ताईला तेवढंच लिहायला सांगितलं. पोर्टलवाल्यांनी माहिती तपासून गादी तिथं विक्रीला लावली, बाईंनी तिथूनच मागणी टाकली. वीस गाद्या मी भरल्या. एकेक सात किलो, तोलून.

उतरवल्यावर बाई एका गादीवर बसल्या. हात फिरवला.

"मामा, पहिल्यासारखी न्हाई वाटत."

"न्हाईच," मी म्हणालो. "भरणारी न्हाई ना."

त्यांनी मोबाईलवर गादीची माहिती काढून बघितली. मंग म्हणाल्या, "लिहिलंय तशी आहे. माप बराबर, वजन बराबर." आणि माल मिळाल्याचं पोर्टलवर भरून टाकलं. आता तिथं ती गादी सगळ्यांना माझ्या नावानं दिसते.

माझी गादी मी परत भरली. सातच किलो, तिचीच रुई. पण रुई कुठं किती दाट घालायची ते मला जमलं न्हाई. कुशीवर झालो की कमरेखाली गोळा लागतो. दोनदा उसवून बघितली. आता तशीच ठेवलीय.