वाडग्यातल्या सतरा मेंढ्या

येडबा आमच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात शरीरक्रियाशास्त्राच्या प्रयोगशाळेत परिचर होते. मी तिथे शिकवायला लागलो तेव्हा त्यांची नोकरी वीस वर्षांची झाली होती. परभणीपासून अकरा-बारा किलोमीटरवर, पूर्णेच्या रेल्वेलाइनीजवळ त्यांचं गाव. घर मेंढपाळाचं. चौथीनंतर शाळा सुटली, पण शेळीच्या मांडीचा स्नायू हाडापासून वेगळा करण्यात त्यांच्यासारखा हात मी दुसरा पाहिला नाही.

वर्षाला एकदा ते एक खास काम करत. ताज्या कापलेल्या शेळीच्या स्नायूच्या बारीक पट्ट्या काढून, काडीला ताणून बांधून, ग्लिसरीनमध्ये बुडवून कित्येक आठवडे थंडीत ठेवत. त्यात स्नायूच्या पेशीची पातळ कातडी फाटून जाते, आतला कॅल्शियमचा साठा, ताकद पुरवणारं एटीपी, सगळं धुऊन निघतं. उरतात फक्त तंतू, ताठ आणि वाळक्या काडीसारखे. मग हा विषय शिकवणारे रोडगे सर त्यातला केसाएवढा धागा सूक्ष्मदर्शकाखाली ठेवत आणि येडबांना म्हणत, "घाला थेंब." एटीपी आणि चिमूटभर कॅल्शियम असलेला थेंब पडला की मेलेला धागा सगळ्यांच्या डोळ्यांदेखत आखडायचा. दुसऱ्या धाग्यावर कॅल्शियम बांधून ठेवणारं औषध मिसळलेलं एटीपी पडायचं. तो आखडायचा नाही, उलट मऊ पडायचा.

सर समजावून सांगत : जाड तंतू मायोसिनचे, बारीक ॲक्टिनचे. आखडताना दोघांतला एकही लहान होत नाही, ते एकमेकांवरून सरकतात. कॅल्शियम आलं की बारीक तंतूवरचं झाकण बाजूला होतं, मग जाड तंतूची मुंडकी त्याला धरतात आणि ओढतात. पकड सोडून पुढची धरायला प्रत्येक वेळी नवं एटीपी लागतं. ते संपलं की मुंडकी धरलेल्या जागीच अडकून पडतात. मेलेलं जनावर ताठ होतं ते त्यामुळे.

येडबा दाराशी उभे राहून दरवर्षी हे ऐकत. एकदा त्यांनी विचारलं होतं, "सर, मग पळून दमलेलं जनावर मेलं, तर ते लौकर ताठ व्हत आसंल?" सर खूश झाले. म्हणाले, "बरोबर. आराम केलेल्या जनावराच्या अंगात साखरेचा साठा असतो. मेल्यावरही काही तास त्यावर थोडं थोडं एटीपी तयार होत राहतं, म्हणून ताठपणा उशिरा येतो. धावून धावून साठा संपवलेलं जनावर अर्ध्या-एक तासातसुद्धा लाकूड होईल."

पुढचं मला येडबांनी सांगितलं, दोन-तीन बैठकांत, मान खाली घालून.

एकोणऐंशीच्या संक्रांतीची गोष्ट. आदल्या पावसाळ्यात विद्यापीठाच्या नामांतरावरून मराठवाड्यात जाळपोळ झाली होती. त्यांच्या गावात तेव्हा काही झालं नव्हतं, पण बौद्धवाड्यातली माणसं चावडीपुढून जायची ती खाली बघून. सण रविवारी आला होता. येडबा सायकलवर तिळगुळाची पुडी बांधून साडेअकराच्या सुमाराला गावात पोचले, तर धाकट्या भावाच्या, बिरूच्या वाडग्यापाशी, मेंढ्या कोंडायच्या आवारापाशी गर्दी. दगडाच्या कुंपणाच्या आत सतरा मेंढ्या मरून पडलेल्या. पाय सरळ, माना मागे, लाकडासारख्या ताठ. उरलेल्या मेंढ्या एका कोपऱ्यात चिकटून थरथरत होत्या.

"रात्रीच मेल्यात," दत्तराव सांगत होते. गावात त्यांचा शब्द चाले. "बगा कशा ताठ पडल्यात. आन् रात्री गावात कोण आलतं? सूर्यभान. पाण्यात जहर कालवलं आन् पहाटेच्या गाडीनं गेला डिवटीवर."

सूर्यभान बौद्धवाड्यातला, पूर्णेला रेल्वेत खलाशी, म्हणजे मदतनीस कामगार. आठवड्यापूर्वी बिरूच्या मेंढ्या त्याच्या आईच्या, मालनबाईच्या हरभऱ्यात घुसल्या होत्या आणि बिरू-सूर्यभानची चावडीवर तोंडातोंडी झाली होती. तेवढं पुरेसं होतं.

येडबा आत गेले. सवयीनं एका मेंढीचा जबडा दाबून पाहिला, मागचा पाय वाकवून पाहिला. हलेना. मग लोकरीत हात घालून जांघेत खोल दाबला. हात भाजेल इतकं आत गरम होतं. दुसरी, तिसरी, सगळ्या तशाच. आणि एकीचंही पोट फुगलेलं नव्हतं. पौषातल्या रात्रभराच्या थंडीत उघड्यावर मेलेली मेंढी अशी राहत नाही. ताठही आणि गरमही, याचा अर्थ त्यांना लगेच कळला. या जनावरांनी मरायच्या आधीच अंगातलं सगळं संपवलं होतं. मागच्या पायाच्या लोकरीखाली त्यांच्या बोटांना ओलं लागलं. दातांच्या खुणा होत्या.

ते बिरूजवळ गेले. "कुत्र्यांनी पळवून मारल्यात रं ह्या. उन्हं वर आल्यावर मेल्यात. तू सकाळी कुटं व्हतास?"

"हितंच," बिरू म्हणाला. "उठलो तवा मेलेल्याच व्हत्या."

येडबांनी त्याच्याकडे पाहिलं. लहानपणापासून बिरू खोटं बोलताना नखं कुरतडायचा. तो कुरतडत होता.

येडबांनी मग दत्तरावांना सांगायचा प्रयत्न केला. एटीपी, कॅल्शियम असले शब्द त्यांनी वापरले नाहीत. एवढंच म्हणाले, "दमून मेलेलं जनावर घंट्याभरात ताठ व्हतं मालक. ह्यावरनं रात्र धरू नका. हात लावून बगा, आतून गरम हाय."

"तू तिथं बाटल्या धुतोस ना रे?" दत्तराव म्हणाले. लोक हसले.

येडबांना वाटलं, रोडगे सरांना आणावं. डॉक्टरनं सांगितलं तर ऐकतील. बिरूला म्हणाले, "मी येईस्तोर कुणाला काई करू दिऊ नको," आणि सायकल काढली. अकरा किलोमीटर जायला पाऊण तास, सरांना जेवणावरून उठवलं, त्यांच्या मोटारसायकलवर मागं बसून परत. गावाजवळ आले तेव्हा पावणेदोन झाले होते आणि बौद्धवाड्याच्या बाजूला धूर दिसत होता.

मालनबाईंच्या कडब्याची गंजी जळत होती. जाळणारी माणसं पांगली होती, ती नेहमी पांगतात तशी. मालनबाई दाराशी बसून होत्या, उजवा हात मांडीवर उलटा पडलेला, कोपराच्या खाली मोडलेला. त्या ओरडत नव्हत्या. शेजारच्या बायांनी फडकं ओलं करून त्यावर ठेवलं होतं.

सरांनी आधी त्यांचा हात फळीला बांधला. मग वाडग्यात जाऊन थर्मामीटर लावलं. पारा एवढा वर होता की सरांनी तो येडबांना वाचायला लावला आणि स्वतः परत वाचला. ताठपणा नाकापासून खुरापर्यंत पुरा. दोन मेंढ्या फाडल्या. पोटात विषाचा वास नव्हता, तरी त्यातलं त्यांनी तपासायला बाटलीत घेतलं. आठ मेंढ्यांच्या पायांवर चावे निघाले. बाकीच्या त्या दगडी कुंपणात गोल गोल पळूनच मेल्या होत्या.

"सकाळी आठ ते दहाच्या मधे कधीतरी," सर चावडीवर म्हणाले. "रात्री नक्की नाही."

दत्तराव म्हणाले, "आठला तर बिरू तिथंच बसला व्हता. त्याला कुत्री दिसली नसती का?"

सगळे बिरूकडे वळले. बिरू भिंतीला टेकून खाली बसला. नखं कुरतडू लागला. आणि तोवर पूर्णेत सूर्यभानला कामावरून पोलिसांनी उचललं होतं.

बिरू काय लपवतोय हे शोधायला दुसऱ्या दिवशी येडबा सात कोसावर बिरूच्या सासुरवाडीला गेले. बिरूची बायको मनकर्णा भांडून दोन महिन्यांपासून माहेरी होती. येडबांनी विचारायच्या आतच तिनं सांगितलं, "काल सकाळी आलते हितं. उजाडताच निघालो म्हन्ले. आठला आमच्या दारात हुते. मी येत न्हाई म्हन्ले, तर माघारी गेले."

बिरू रात्रभर वाडग्यातच झोपला होता. उजाडताना मेंढ्यांना उभं बघून, पाणी दाखवून, तो कुणाच्या तरी सायकलवर बायकोला आणायला गेला होता. तिनं सगळ्या शेजाऱ्यांसमोर नकार दिला. परत आला तेव्हा वाडग्यात ही अवस्था. 'मेंढ्या सोडून कुठं गेला होतास' याला काय उत्तर देणार? म्हणून त्यानं 'उठलो तर मेलेल्या' एवढंच सांगितलं. सूर्यभानचं नाव त्यानं घेतलं नव्हतं. ते दत्तरावांनी घेतलं, आणि बिरूनं ते खोडलं नाही.

मनकर्णा ठाण्यात येऊन जबाब द्यायला तयार झाली. तिचे भाऊ नको म्हणत होते. ती म्हणाली, "खोटं बोलून मला काय मिळणाराय?" सरांचा लेखी अहवाल, प्रयोगशाळेचा निकाल आणि तिचा जबाब, हे सगळं जमून सूर्यभान सुटायला बारा दिवस लागले. बाहेर आला तेव्हा त्याला डाव्या कानानं ऐकू येत नव्हतं. आईचा हात पुढे वाकडाच जुळला. गंजी कुणी जाळली, हात कुणी मोडला, याचा तपास झालाच नाही. माय-लेक पूर्णेला रेल्वेच्या खोलीत राहायला गेले, हरभरा तसाच रानात वाळला.

बिरू त्यानंतर येडबांशी बोलला नाही. "माझ्या घरातलं चावडीवर आणलं," एवढंच तो दुसऱ्यांपाशी म्हणायचा. मनकर्णा कधीच नांदायला आली नाही. उरलेल्या मेंढ्या विकून तो कुठल्याशा साखर कारखान्याकडे तोडीला गेला आणि चौथ्या वर्षी तिकडेच वारला. निरोप आला तेव्हा अंत्यविधी होऊन गेला होता.

मी एकदा येडबांना म्हणालो, "तुमच्यामुळे एक निरपराध माणूस सुटला."

ते काचेची नळी पुसत होते, ती त्यांनी खाली ठेवली. मग म्हणाले, "सर, मला आधीच ठावं व्हतं. हात लावल्याबरुबर कळलं व्हतं. जांघ गरम हाय, मान ताठ हाय, झालं. पुरावा आणायला गेलो. गावाला पटवायचं व्हतं मला. मालनबाईच्या दारात जाऊन हुबं राह्यचं सुचलं न्हाई."

त्या घटनेनंतर सहा वर्षांनी, धीर करून, ते पूर्णेला मालनबाईंना भेटायला गेले होते. सूर्यभान कामावर होता. म्हातारीनं डाव्या हातानं पाण्याचा तांब्या पुढे केला, बसा म्हणाली.

"तुमी खरं बोललाव म्हनून माझं लेकरू सुटलं, यडबाभाऊ. इसरले न्हाई मी. पण त्या दिशी तुमी सायकल घिऊन निघालाव, तवा मी दारातून पायलं व्हतं. सगळे माज्या घराकडं बगायलेले, आन् तुमी गावाभाईर चाललेले. मला वाटलं, हा एक बरा माणूस व्हता, त्यो बी पळून चाललाय."

येडबांनी तांब्या हातात घेतला. पाणी प्यायले, तांब्या तिच्या चांगल्या हाताकडे ठेवला आणि परभणीच्या गाडीला आले.