मुलीच्या कर्जावरील दुष्काळी व्याज

दुष्काळाच्या वर्षांत आमच्या सहकारी बँकेला एक सवय जडली होती. पीककर्ज थकले की मार्चअखेर त्याचे व्याज मुद्दलात मिळवायचे आणि मुदत वाढवून द्यायची. ही सवय शेतकऱ्याच्या खात्यापुरती राहिली असती, तर माझा संताप निराळा असता. परंतु माझ्या थोरल्या मुलीने नर्सिंगसाठी घेतलेल्या शैक्षणिक कर्जालाही बँकेने तोच न्याय लावला.

शिक्षण संपले, भूमच्या दवाखान्यात नेमणूक झाली आणि हप्ते सुरू करण्याचे पत्र आले. त्यावर तिने सही केली की आकडा कबूल. तो हप्ता पगारातून गेल्यावर भूमला खोली घेऊन राहणे तिला शक्य नव्हते. नोकरीच सोडावी लागली असती.

करारनाम्याचे कलम स्वच्छ होते. शिक्षण चालू असताना आणि त्यानंतरचे सहा महिने हप्ता नाही. त्या काळात उचललेल्या रकमेवर सरळ व्याज साठेल. न भरल्यास ते परतफेड सुरू होण्यापूर्वी एकदाच मुद्दलात मिळवले जाईल आणि त्या बेरजेवर हप्ते ठरतील. बँकेने मात्र ते दर मार्चला मिळवले होते. म्हणजे शिकत असतानाच व्याजावर व्याज चढत गेले.

मी शाखेत गेलो. मुलगी सोबत होती.

"अप्पा, साहेबांशी भांडू नका," ती कुजबुजली.

"भांडत नाही. वाचून दाखवतो."

कलम ऐकून शाखाधिकारी हसले. "अहो, दुष्काळात सगळ्यांचंच व्याज आम्ही असं घेतो. तुमचं लेकरू काय निराळं हाय?"

"साहेब, माझ्या लेकरानं ज्वारी पेरली नव्हती. ती रोग्यांना सुई टोचायला शिकत होती. तिचं कुठलं पीक बुडालं, सांगा!"

"लई कायदा शिकवू नका. सही न्हाय केली तर वसुलीची नोटीस काढतो."

"काढा. त्या नोटिशीलाही उत्तर देईन."

घरी येऊन मी मुख्य कार्यालयास पत्र लिहिले. सोबत करारनाम्याची नक्कल आणि बँकेच्याच खात्याचा उतारा जोडला. उत्तर आले नाही, दुसरे लिहिले. तिसऱ्यात सहकार निबंधकांकडे दाद मागण्याची तारीख कळवली. मग उत्तर आले, तेही शाखाधिकाऱ्यांच्या नावे; मला त्याची नक्कल. खाते नव्याने मांडा, शिवाय शाखेतील सर्व शैक्षणिक खाती तपासा, असा आदेश होता.

मुलीला घेऊन पुन्हा शाखेत गेलो आणि नवा उतारा उभ्यानेच तपासला. प्रत्येक वर्षी उचललेली रक्कम, त्या तारखेपासूनचे सरळ व्याज, शेवटी एक बेरीज. हप्ता तिच्या पगारात बसत होता.

शाखाधिकाऱ्यांनी घाम पुसला. "एकदा तरी व्याज मिळवू द्याल ना, अप्पा?"

"एकदा खुशाल मिळवा. तेवढं आम्ही कबूल केलेलंच आहे."

मुलीने सही केली आणि पेन त्यांच्या हातात ठेवून म्हणाली, "साहेब, अप्पांना आणखी कागद दाखवू नका. मला भूमची गाडी गाठायचीय."