त्रिंबकच्या फोटोखालच्या ओळी

कारभारीला लिहिता येत नव्हतं असं मुळीच नाही. चितेगावच्या कंपनीत शिफ्ट सुटताना मशीनचा रिपोर्ट तोच लिहायचा, आणि साहेब इतरांना दाखवायचे, "असं लिहीत जा." पण सहा वर्षं एका खोलीत राहिलेला मित्र खोली सोडून चाललेला, त्याच्या फोटोखाली चार ओळी टाकायच्या, तर गडी दोन दिवस नुसता मोबाईल हातात घेऊन बसला. लिहायचं, खोडायचं, परत लिहायचं. मशीनचा रिपोर्ट सोपा हो. त्यात मशीनला काय वाटतं ते लिहावं लागत नाही.

शहरातल्या मुकुंदवाडीतली ती खोली म्हणजे पत्र्याखालची एक भट्टीच. भाडं निम्मं-निम्मं, गॅसची टाकी आळीपाळीनं, आणि स्वयंपाक ज्याला आधी भूक लागेल त्यानं करायचा. ही शेवटची अट त्रिंबकनं घातली आणि तोच फसला, कारण पोलीस भरतीसाठी रोज पहाटे मैदानावर पळून आल्यावर आधी भूक त्यालाच लागायची. पाचोडकडच्या मेंढपाळाचं पोर ते. बाजरीची भाकरी हातावर झकास थापायचं, पण कुकर म्हणजे त्याला बाँबच वाटायचा. एकदा पाणी न घालताच डाळ लावली. खालून जळका वास, वरून शिट्टीचा पत्ता नाही, आणि हे महाराज दाराबाहेर उभे राहून ओरडतायत, "कारभारी, बंद कर की रं ते!" कारभारी साबण लावलेल्या अंगानं मोरीतून धावला.

तर असलं सगळं लिहायचं ठरलं होतं. त्रिंबकनंच बजावलं होतं बॅग भरताना, "हे बघ, स्टेटस टाकशील तर हसायचं टाक. रडगाणं नको. गावाकडचे समदे बघतेत."

"टाकतो की. तुझी कुकरची इज्जतच काढतो."

"काढ. पण तेवढीच काढ," त्रिंबक म्हणाला आणि सकाळच्या एसटीनं पाचोडला गेला. कायमचा. वय भरतीच्या अटीबाहेर गेलं होतं, आबांनी, म्हणजे त्याच्या वडिलांनी, गावात पिठाची गिरणी घालून द्यायचं ठरवलं होतं.

दुसऱ्या दिवशी कारभारी साप्ताहिक सुट्टी म्हणून खोलीतच होता. एक गादी गुंडाळलेली, दोरीवर एकट्याचेच कपडे. त्यानं फोटो निवडला, दोघं करपलेलं पातेलं धरून दात काढतायत तो, आणि लिहिलं, "कुकरला घाबरणारा, पण पोलीस व्हायला निघालेला आमचा त्रिंबक." मग चहात मीठ पडलं ते. मग किल्ली आत राहिली तेव्हा त्रिंबक शेजारच्या चतुराबाईंच्या गच्चीवरून पत्रा उचकटून उतरला ते. सगळं खरं होतं, मजेशीर होतं. तरी वाचून त्याला स्वतःचीच चीड आली. अरे, सहा वर्षांत एवढंच घडलं व्हय? खरी गोष्ट तर राहिलीच!

खरी गोष्ट दोन वर्षांपूर्वीची. कारभारीला डेंग्यू झाला, प्लेटलेट कमी-कमी होत गेल्या. "घरी सांगू नको, माय एकटी आहे, घाबरंल," असं त्यानंच त्रिंबकला सांगितलं. त्रिंबकचा लेखी पेपर दुसऱ्या दिवशी धुळ्याला होता. मैदानी चाचणी उत्तम गेलेली, फक्त पेपर राहिलेला, आणि पुढची भरती निघेस्तोवर वय उलटल्यानं तीच शेवटची ठरली. दुपारची गाडी धरायची होती. त्रिंबक बॅग घेऊन सांगायला आला तर तापात कारभारीनं त्याचं मनगट धरलं. "जाऊ नको रं." बस्स, तीन शब्द. त्रिंबक खाली बसला तो चार दिवस उठला नाही. घरी त्यानं सांगितलं, "पेपर दिला, दोन मार्कांनी हुकलं." आबांनी ते दोन मार्क साऱ्या गावाला सांगितले. पोरगं हरलं, पण लढून हरलं, असं पारावर छाती काढून सांगायचे म्हातारे.

हे त्या दोघांशिवाय कुणालाच ठाऊक नव्हतं. आणि कारभारीनं त्यासाठी कधी धड आभारही मानले नव्हते. कसे मानणार? अशा गोष्टी तोंडावर बोलायची सवयच नसते आपल्याकडं. मग आज नाही लिहायचं तर कधी? त्यानं तो मजकूर शेवटी जोडला. पण ओळी लांबल्या की स्टेटसवर खालचा भाग झाकला जातो, वर अर्धवट दिसतं, आणि बोट दाबून पुढचं वाचतो कोण? म्हणून शहाण्यानं शेवटचं उचलून पहिल्या ओळीत आणलं आणि कुकर खाली ढकलला.

"माझ्या डेंग्यूत चार दिवस उशाशी बसला. माझ्यापायी भरतीचा पेपर दिला नाही आणि कुणाला कळू दिलं नाही. असा भाऊ नशिबानं मिळतो."

टाकताना डोळे भरून आले होते त्याचे. छान वाटलं, हलकं वाटलं. अर्ध्या तासात एक्केचाळीस जणांनी पाहिलं. कंपनीतल्या पोरांनी हात जोडले, बदाम पाठवले. बघणाऱ्यांच्या यादीत त्रिंबकच्या धाकट्या बहिणीचं नाव दिसलं तेव्हा कुठं कारभारीला आबा आठवले.

पाठोपाठ त्रिंबकचा मेसेज. "काढ ते."

त्यानं काढलं. घाईत दोनदा भलतंच दाबलं गेलं. पण काढून काय होणार? बहिणीनं कौतुकानं, अगदी कौतुकानं, अंगणात सगळ्यांसमोर मोठ्यानं वाचून दाखवलं होतं. "बघा आबा, दादाबद्दल किती भारी लिहिलंय." गिरणीची जागा बघायला आलेले भावकीतले चार जणही तिथंच बसलेले.

त्यानं त्रिंबकला पाच फोन केले. उचलले नाहीत. सहावा फोन तिकडून आला, बहिणीच्या नंबरावरून. आवाज आबांचा होता.

"कारभारी?"

"आबा, चुकलं माझं. त्याची काहीच चूक नव्हती, मीच त्याला—"

"थांब. आता तब्येत बरी ऱ्हाती का तुझी?"

कारभारीला वाटलं होतं, म्हातारा शिव्या घालील. घातल्या असत्या तर किती बरं झालं असतं!

"व्हय, आबा. बरी हाय."

"मंग झालं." पलीकडं मेंढरं ओरडत होती. "एक सांग. तुम्ही दोघं शिकलेले ना रं? मंग मला फोन का नाय केला? पाचोडहून तुमची खोली दीड तासावर. मी येऊन बसलो असतो तुझ्या उशाशी. पेपर बी झाला असता अन् तू बी एकटा पडला नसतास."

दोन वर्षांत हे एकदाही सुचलं नव्हतं. ना त्याला, ना याला. दर बाजाराच्या दिवशी खोलीवर फोन करणारा, एसटीतून बाजरी पाठवणारा माणूस दीड तासावर बसलेला, आणि दोघांनी मिळून एक अख्खी नोकरी घालवली.

"आबा, त्रिंबकला द्या ना फोन," कारभारी म्हणाला.

"इथंच हाय तो. नको म्हणतोय."

आणि आबांनी फोन ठेवला.