तीन तोळ्यांची बोरमाळ

सोन्याचा भाव चढला की शेजारच्या बायका हटकून माझ्याकडे बघतात. "तुझं आधीच झालं बाई, सुटलीस," म्हणतात. काय सुटले! दातओठ खाऊन गप्प बसते मी. भाव काय असतो, मजुरी काय असते आणि त्यावर टॅक्स कसा बसतो, हे मी माझ्याच लग्नाच्या बस्त्यात शिकले. फी फार जबर बसली.

आमचं गाव पुणतांबा. वडील, म्हणजे आमचे अण्णा, एसटीत कंडक्टर होते, नुकतेच रिटायर झालेले. आयुष्यभर सुट्ट्या पैशांत गेल्यामुळे हिशोबाला पक्के. माझं लग्न ठरलं तेव्हा मुलाकडचे बैठकीत म्हणाले, "आम्हाला हुंडा नको, काही नको. तुमच्याच लेकीच्या अंगावर पाच तोळे घाला. मोठ्या सुनेला पाच आलंय, म्हणून फक्त बरोबरीचं." किती गोड! अंग लेकीचं, म्हणजे मागणी नाहीच जणू. वर एक अट: हळदीच्या आदल्या दिवशी बघायला येऊ, सोबत पक्कं बिल ठेवा. मी आतून ऐकत होते. तेव्हाच चहाचा ट्रे आपटायला हवा होता, पण अण्णा इतके खूश होते की माझा हात उचलेना.

अण्णांनी हिशोब मांडला तो असा. पाच तोळे म्हणजे पन्नास ग्रॅम. त्यातले तीस ग्रॅम घरचेच. आईची बोरमाळ होती, तिच्या माहेरची, तिच्या वडिलांनी लग्नात घातलेली. सोन्याचे बोराएवढे मणी, मध्ये रेशमी गोफ. आईच्या सासरी तिची ओळखच "तीन तोळ्यांची बोरमाळ घालून आलेली सून" अशी होती. आजीशी भांडण झालं की आई एवढंच म्हणायची, "मी रिकाम्या गळ्यानं न्हाई आले." अण्णांनी ती मसाल्याच्या दुकानातल्या इलेक्ट्रॉनिक काट्यावर तोलून आणली. बरोबर तीस ग्रॅम. "तुझा बाप शब्दाचा पक्का व्हता गं," आईला म्हणाले. आई हसली होती तेव्हा.

आम्ही तिघं एसटीनं श्रीरामपूरला गेलो. दुकानात फलकावर दोन भाव लिहिलेले, चोवीस कॅरेटचा बारा हजार आणि बावीसचा अकरा हजार, ग्रॅममागे. अण्णा मला कोपरानं ढोसून म्हणाले, "दागिना बावीसमध्ये होतो. वरचा आकडा बघून घाबरायचं न्हाई." खिशातून चष्मा काढून ते सराफांसमोर बसले. मी नक्षीचा हार, दोन पाटल्या आणि कानातलं पसंत केलं. सगळं मिळून पन्नास ग्रॅम.

सराफांनी कागदावर लिहून दाखवलं. सोनं साडेपाच लाख. हाराच्या नक्षीमुळे मजुरी बारा टक्के, सहासष्ट हजार. झाले सहा लाख सोळा हजार. त्यावर तीन टक्के जीएसटी, अठरा हजार चारशे ऐंशी. सोन्यावरच नव्हे, मजुरीवरसुद्धा. एकूण सहा लाख चौतीस हजार चारशे ऐंशी. अण्णांनी मान डोलावली. त्यांनी हेच काढलं होतं. बोरमाळेचे तीन लाख तीस हजार वजा, राहिले तीन लाख चार हजार चारशे ऐंशी. त्यांच्या खात्यावर तीन लाख पाच हजार होते, बरोबर पॅनकार्डही आणलेलं. वरचे हॉलमार्कचे किरकोळ पैसेसुद्धा धरलेले. माणूस एवढा नीट असतो तरी फसतो, याचं मला आजही नवल वाटतं.

बोरमाळ काट्यावर ठेवून सराफ म्हणाले, "काका, वजन तीसच आहे. पण यात लाख आहे."

"लाख?" अण्णांनी विचारलं.

"झाडाची लाख. मणी आतून पोकळ असतात, चेपू नयेत म्हणून आत लाख भरतात. निव्वळ सोनं किती ते वितळवल्याशिवाय कळत नाही. आणि एकदा वितळवली की माळ परत मिळायची नाही. विचार करून सांगा."

अण्णांनी आईकडे बघितलं. आई म्हणाली, "थोडीफार असंल. तीन तोळेच म्हणायचे सगळे." अण्णा म्हणाले, "वितळवा. पाचसात हजार इकडचे तिकडे झाले तर मी बघतो."

भट्टी मागच्या खोलीत होती. आम्हाला उभं करूनच केलं सगळं, तक्रारीला जागा नको म्हणून. कारागिरानं मणी कुठाळीत, म्हणजे सोनं वितळवायच्या भांड्यात टाकले आणि ज्योत लावली. आधी धूर झाला, जळकट वासाचा, दाट. आई पदर नाकाला लावून बघत होती. धूर थांबेना तसा तिचा चेहरा बदलत गेला. शेवटी तळाशी एक गोळी उरली. काट्यावर तेरा पूर्णांक दोन ग्रॅम. मशीनवर तपासली तर वीस कॅरेट. बावीसच्या हिशोबानं बारा ग्रॅम. एक लाख बत्तीस हजार.

अण्णांनी तो आकडा ऐकला आणि चष्मा काढून पुसू लागले. पुसतच राहिले. मग आईकडे वळून, दुकानात चार माणसं होती त्यांच्यासमोर म्हणाले, "तीन तोळे म्हणत व्हता ना तुझा बाप? सव्वा तोळा घातला व्हय त्यानं!"

मला इतका राग आला की सांगता सोय नाही. "अण्णा, गप बसा," मी ओरडले. सराफ मधे पडले. म्हणाले, "काका, त्या काळी बोरमाळ लाखेसकटच तोलायचे आणि तशीच सांगायचे. त्यांनी फसवलं असं नाही." पण शब्द बाहेर पडला होता. चाळीस वर्षं जिच्या जोरावर आई सासरी मान वर करून उभी राहिली, त्या माळेची बोराएवढी गोळी झाली होती आणि ती बघत होती.

जवळजवळ दोन लाख कमी पडत होते. मी बाहेर जाऊन होणाऱ्या नवऱ्याला फोन लावला. पुण्यात कंपनीत होता, बोलायला मवाळ. सगळं सांगितलं. म्हटलं, तीन तोळ्यांत भागवू, नंतर आपण दोघं मिळून करू. तो म्हणाला, "माझं काही नाही गं, घरी विचारतो." थोड्या वेळानं त्याचाच फोन आला. "आई म्हणते, वहिनीला पाच आलंय. कमी झालं तर तुलाच बोलणी खावी लागतील. उगाच कशाला?" उगाच! मी म्हटलं, "मग मोडायचं का?" तो म्हणाला, "पत्रिका वाटल्यात, असं काय बोलतेस?" मोड म्हणाला नाही आणि चालेल असंही म्हणाला नाही. तोंडाळ म्हणून गावभर नाव असलेली मी, तेव्हा माझ्याच्यानं एक शिवी देववली नाही.

मी आत येऊन म्हटलं, "लग्न नको मला. घरी चला."

अण्णा हात जोडून बसले. "असं बोलू नको पोरी. पाचशे पत्रिका गेल्यात. लोक काय म्हनतील, पोरीतच काय तरी खोट हाय." सराफांनी एक वाट सुचवली. त्यांना वजन हवंय, नक्षी कुठे हवी आहे? हार सोडा, साधी साखळी आणि चार सरळ पाटल्या घ्या, मजुरी आठ टक्के लावतो. पुन्हा कागद. सहा लाख अकरा हजार आठशे वीस. कमी पडणारे एक लाख चौऱ्याहत्तर हजार आठशे वीस. बावीस हजार वाचले, पण डोंगर तसाच उभा.

आईनं मान वाकवली आणि मंगळसूत्र काढलं.

काट्यावर ठेवलं. एवढंच. सराफसुद्धा मागे सरले. "मावशी, काका समोर बसलेत. सवाष्णीनं असं करू नये. दुसरं काही बघू."

"दुसरं काय हाय?" आई म्हणाली. "ह्यात लाख न्हाई. काळे मणी काढा न् तोला."

मी तिचा हात धरला. तिनं तो झटकला. अण्णा खाली बघत होते. "अगं..." एवढंच म्हणाले. आई माहेरावर आलेला बोल धुऊन काढायला निघाली होती, तिला आता अण्णाही अडवू शकत नव्हते आणि मीही नाही.

मणी काढून सोनं सोळा ग्रॅम भरलं, बावीस कॅरेट. एक लाख शहात्तर हजार. बिल झालं, हॉलमार्कचे पैसे गेले आणि नऊशेच्या आसपास परत मिळाले. सराफांनी काळे मणी पुडीत बांधून दिले. बाहेर कटलरीच्या दुकानात आईनं परत मिळालेल्या पैशांतून "एक ग्रॅम"चं, म्हणजे वरून सोन्याचा मुलामा दिलेलं मंगळसूत्र घेतलं आणि तिथेच आरशात बघून घातलं. एसटीत ती माझ्याशेजारी बसली, अण्णा दोन बाकं पुढे.

मुलाकडचे ठरल्या दिवशी आले. बिलावरचं वजन आणि डबीतलं सोनं जुळवून बघितलं. होणारे सासरे म्हणाले, "चोख काम. शब्द पाळला तुम्ही." अण्णांनी त्यांना पेढा दिला. सासूबाई साखळी हातात घेऊन म्हणाल्या, "नक्षी नाही फारशी." आई पाणी द्यायला पुढे आली होती. ती म्हणाली, "साधंच बरं असतं."

लग्न झालं. लग्नातले सगळे फोटो त्या पाटल्यांतले आहेत. दुसऱ्या दिवशी सासूबाईंनी डबी मागून घेतली. चोऱ्या वाढल्यात म्हणाल्या, लॉकरला ठेवते.

मांडवपरतणीला मी माहेरी आले. आई भाकरी थापत होती. गळ्याभोवती काळपट लाल वळ उठले होते, खाजवून खाजवून सोललेले. मी म्हटलं, "आई, काढ ते. अंगावर उठतंय तुझ्या." ती म्हणाली, "कसं काढू? मोकळ्या गळ्यानं हिंडू व्हय, तुझा बाप असताना?" खोबरेल तेल आणून मी तिच्या मानेला लावायला बसले. ती डोळे मिटून होती. मग तिनं विचारलं, "साखळी न्हाई घातली आज?"

मी म्हटलं, "लॉकरमध्ये आहे."

"किल्ली तुझ्यापाशी हाय ना?"

मी तेल लावत राहिले.